गाडी ऑइल खाते, तेव्हा कन्व्हर्टर काय खातो?

इंजिन ऑइलच्या डब्यावर ग्रेड छापलेली असते, दर्जाची मोहोर असते, पण आत फॉस्फरस किती आहे ते सहसा लिहिलेलं नसतं. असतो तो फार थोडा. आजच्या मोटारीत पडणाऱ्या ५डब्ल्यू-३० ऑइलमध्ये वजनाच्या जास्तीत जास्त ०.०८ टक्के. चार लिटर ऑइल भरलं तरी सगळा मिळून पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. एवढ्याशा फॉस्फरसवरून ऑइल बनवणारे आणि गाड्या बनवणारे अनेक वर्षं घासाघीस करत आले आहेत. इंजिनाला तो हवा असतो आणि त्याच इंजिनाच्या धुराड्यात बसलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला तो अजिबात चालत नाही.

इंजिनाला तो कशाला हवा, हे आधी पाहू. ऑइलमध्ये फॉस्फरस येतो तो झेडडीडीपी नावाच्या ॲडिटिव्हमधून. पूर्ण नाव झिंक डायअल्काइल डायथायोफॉस्फेट. झिंक, फॉस्फरस आणि गंधक यांचं हे संयुग १९४०च्या दशकात ऑइलमध्ये आलं ते बेअरिंग गंजू नयेत आणि ऑइल लवकर खराब होऊ नये म्हणून. झीज रोखण्याचा त्याचा मोठा गुण नंतर कळला. कॅमशाफ्टचा उंचवटा टॅपेटवर घासतो तिथे दाब इतका असतो की मधलं ऑइल बाजूला सरतं आणि लोखंड लोखंडाला भिडायला बघतं. नेमक्या त्या जागी, उष्णता आणि घर्षण यांमुळे झेडडीडीपी फुटतं आणि धातूवर फॉस्फेटचा काचेसारखा पातळ थर धरतो. पातळ म्हणजे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका. हा थर झिजतो, पुन्हा तयार होतो, आणि झिजायचं ते लोखंडाऐवजी तोच झिजतो. इतकं स्वस्त आणि इतकं भरवशाचं दुसरं ॲडिटिव्ह आजही ऑइलवाल्यांच्या हाती पूर्णपणे आलेलं नाही.

आता हा फॉस्फरस ऑइलमध्येच राहिला असता तर भांडण नव्हतं. पण प्रत्येक इंजिन थोडं ऑइल जाळतंच. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल पुसतात तेव्हा एक पातळ पापुद्रा मागे राहतो आणि पेट्रोलबरोबर जळतो. व्हॉल्व्हच्या गाइडमधून थेंब उतरतात. क्रँककेसमधली वाफ पुन्हा इनटेकमध्ये ओढली जाते, तिच्याबरोबर ऑइलचं धुकं जातं. ऑइल जळून जातं, फॉस्फरस मात्र जळून नाहीसा होत नाही. तो फॉस्फरसची आम्लं आणि झिंकची फॉस्फेटं यांच्या रूपाने एक्झॉस्टमध्ये उतरतो.

पुढे कन्व्हर्टर. आत मधाच्या पोळ्यासारखी असंख्य बारीक नळ्यांची वीट असते, मोटारीत बहुधा सिरॅमिकची, मोटरसायकलमध्ये बहुधा पातळ पत्र्याची. नळ्यांच्या आतून ॲल्युमिनाचा सच्छिद्र लेप असतो आणि त्या लेपात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचे अतिसूक्ष्म कण विखुरलेले असतात. या मौल्यवान धातूंचंच नाव सगळे घेतात, पण फॉस्फरसचा सगळ्यात वाईट मार बसतो तो लेपातल्या सिरिया या तिसऱ्याच पदार्थाला. सिरिया म्हणजे सिरियम धातूचं ऑक्साइड, आणि ते ऑक्सिजनची कणगी असल्यासारखं काम करतं: एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन जास्त आला की भरून ठेवायचा, कमी पडला की काढून द्यायचा. इंजिनातलं पेट्रोल-हवेचं प्रमाण क्षणाक्षणाला थोडं इकडेतिकडे होत असतं. सिरियाच्या या साठ्यामुळेच कार्बन मोनॉक्साइड जाळणं आणि नायट्रोजनची ऑक्साइडं फोडणं ही दोन उलट कामं एकाच डब्यात होऊ शकतात.

फॉस्फरस तिथे पोचला की सिरियाशी संयोग पावून सिरियम फॉस्फेट बनवतो. हे संयुग फार पक्कं. एकदा त्यात अडकलेलं सिरियम पुन्हा ऑक्सिजन घेत नाही आणि सोडतही नाही. ॲल्युमिनाचंही ॲल्युमिनियम फॉस्फेट होतं, लेपाची छिद्रं मिटतात, आणि झिंकची फॉस्फेटं वरून काचेसारखी साका धरतात, म्हणजे आतला धातू शाबूत असला तरी वायू त्याच्यापर्यंत पोचत नाही. पेट्रोलमधल्या गंधकानेही कन्व्हर्टर मंदावतो, पण गाडी जोरात चालून तो खूप तापला की गंधक बराचसा निघून जातो. फॉस्फरस तसा निघत नाही. प्रयोगशाळेत आम्लाने धुऊन तो काढता येतो. पेट्रोलच्या टाकीत ओतायच्या ‘कॅट क्लीनर’च्या बाटलीने सिरियम फॉस्फेट सुटेल ही आशा मात्र धरू नये.

हे विष डब्यात सगळीकडे सारखं पसरत नाही. ते पुढच्या तोंडाशी, पहिल्या काही सेंटिमीटरांत, सगळ्यात दाट साठतं. म्हणजे मागचा भाग बरा आहे म्हणून हायसं वाटायला हवं, पण इथेच खोच आहे. थंड गाडी सुरू केल्यावर कन्व्हर्टरला साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय काम सुरू करता येत नाही, आणि सगळ्यात आधी तापतो तो पुढचाच भाग. तोच निकामी झाला तर काम सुरू व्हायला उशीर होतो. आजच्या गाडीचं बरंचसं प्रदूषण या पहिल्या मिनिटा-दोन मिनिटांतच बाहेर पडतं. म्हणूनच अर्धा तास चालवून गरम झालेली गाडी पीयूसीच्या केंद्रावर नेली की कागद मिळतो आणि बिघाड लपून राहतो.

आपल्याकडे कन्व्हर्टर आला तो १ एप्रिल १९९५पासून, चार महानगरांतल्या नव्या मोटारींना. तेव्हा मोठा शत्रू शिसं होता, आणि २०००च्या सुरुवातीला देशभर शिसेरहित पेट्रोल आल्यावर तो गेला. मग उरलेल्या शत्रूंमध्ये फॉस्फरस ठळक दिसू लागला. अमेरिकी आणि जपानी मोटार कंपन्यांच्या आयएलएसएसी मानकात फॉस्फरसची कमाल मर्यादा आधी ०.१२ टक्के होती, मग ०.१० झाली, आणि २००४च्या सुमारास जीएफ-४ मानकात ०.०८वर आली. त्याच वेळी ०.०६ टक्क्यांची किमान मर्यादाही घातली गेली. कन्व्हर्टर वाचवण्याच्या नादात कॅमशाफ्ट गमावू नये, हा हिशेब त्यामागे होता.

त्यानंतर लक्षात आलं की नुसती टक्केवारी पाहून भागत नाही. झेडडीडीपीचे प्रकार असतात, आणि काहींमधला फॉस्फरस गरम इंजिनात वाफ होऊन लवकर निसटतो. ऑइल जळो न जळो, तो कन्व्हर्टरमध्ये जातोच. म्हणून २०१०च्या जीएफ-५पासून अशी अट आली की इंजिनावरच्या ठरावीक कसोटीनंतर ऑइलमध्ये निदान ७९ टक्के फॉस्फरस शिल्लक हवा. २०२०च्या जीएफ-६मध्ये ही अट ८१ टक्के झाली. मोजायची युक्ती मला फार आवडते. कसोटीत ऑइल कमी होतं, त्यामुळे नुसता फॉस्फरस मोजून काही कळत नाही. पण ऑइलमधलं कॅल्शियम वाफ होऊन उडत नाही. म्हणून कॅल्शियमच्या तुलनेत फॉस्फरस किती घटला ते पाहतात.

मोटरसायकलचा मामला वेगळा. तिथे एकच ऑइल इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स तिघांनाही पुरतं. गिअरच्या दातांवरचा दाब प्रचंड, म्हणून जपानच्या जेएएसओ मानकात एमए, एमए२ आणि एमबी या वर्गांसाठी फॉस्फरस ०.०८ ते ०.१२ टक्के ठेवला आहे. मोटारीच्या ऑइलची जी कमाल मर्यादा, ती इथे किमान आहे. बीएस-६च्या बाइकलाही कन्व्हर्टर आहे, आणि तो मोटारीपेक्षा लहान. मग कन्व्हर्टर जपायचा म्हणून मोटारीचं कमी फॉस्फरसचं ऑइल बाइकमध्ये घालावं का? नाही. त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या ॲडिटिव्हनी क्लच घसरेल, आणि गिअरची झीज वाढेल ते वेगळंच. शिवाय तेवढ्याने कन्व्हर्टरचं फारसं भलंही होत नाही. ते कसं, हे एका साध्या हिशेबात दिसतं.

समजा दोन सारख्या बाइक आहेत. पहिलीचं इंजिन धडधाकट, १००० किलोमीटरला २० मिलिलिटर ऑइल जाळतं. दुसरीच्या रिंगा झिजल्यात, ती तेवढ्याच अंतरात १०० मिलिलिटर खाते. दोन्हींत ०.१० टक्के फॉस्फरसचं ऑइल. शंभर मिलिलिटर ऑइल म्हणजे सुमारे ८६ ग्रॅम, त्यात फॉस्फरस ०.०८६ ग्रॅम. वीस हजार किलोमीटरमध्ये दुसरी बाइक सुमारे १.७ ग्रॅम फॉस्फरस एक्झॉस्टमध्ये पाठवते, पहिली ०.३५ ग्रॅमच्या आत. त्यातला सगळा काही कन्व्हर्टरमध्ये अडकत नाही, थोडा सायलेन्सरमधून बाहेर जातो, पण फरक पाच पटींचा राहतोच. आता ऑइल बदलून पाहा. मानकातलं सगळ्यात जास्त, ०.१२ टक्क्यांचं ऑइल सोडून सगळ्यात कमी, ०.०८ टक्क्यांचं घातलं तरी फॉस्फरस एक तृतीयांशच घटेल. झिजलेल्या रिंगांचं नुकसान डब्यावरच्या आकड्याने भरून निघत नाही.

त्यामुळे माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सगळ्यात उपयोगी उपकरण म्हणजे डिपस्टिक. सर्व्हिसिंगच्या मध्ये दोन-तीनदा, गाडी सपाट जागी आणि इंजिन बंद करून थोडा वेळ गेल्यावर, ऑइलची पातळी पाहायची. वर किती ओतावं लागलं ते लिहून ठेवायचं. सकाळी सुरू करताना निळसर धुराचा एकच भपका आला तर बहुधा व्हॉल्व्ह सील गेले. चढावर जोर लावताना धूर येत राहिला तर संशय रिंगांवर. मात्र चांगला कन्व्हर्टर बराचसा धूर गिळतो, म्हणून धूर नाही म्हणजे ऑइल जळत नाही असं समजू नये.

मोटारीत कन्व्हर्टर थकला की स्कॅनरवर P0420 हा कोड दिसतो. कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. सिरिया शाबूत असताना मागच्या सेन्सरचा संकेत जवळजवळ स्थिर असतो, कारण चढउतार मध्येच शोषले जातात. साठा संपत आला की मागचा सेन्सरही पुढच्यासारखा वरखाली नाचू लागतो. गाडीच्या ओढीत याचा पत्ताही लागत नाही, कारण नळ्या तुंबलेल्या नसतात. अर्थात हा कोड एक्झॉस्टच्या गळतीमुळे किंवा सेन्सर बिघडल्यामुळेही येतो, म्हणून आधी ते तपासावं. कन्व्हर्टर खरंच गेला असेल तर तो बदलण्याआधी ऑइल कुठून जळतंय ते दुरुस्त करून घ्यावं, नाहीतर महागडा नवा डबा पहिल्याच दिवसापासून त्याच फॉस्फरसने भरू लागतो. आणि जुनी कास्ट आयर्न बुलेट किंवा प्रीमियर पद्मिनी दारात असेल, तर तिला कन्व्हर्टर नाही आणि टॅपेट सपाट आहेत. तिला जास्त फॉस्फरसचं २०डब्ल्यू-५० खुशाल घालावं.