एव्हरेस्टची उंची खरंच ८६ सेंटीमीटरने वाढली का? राउंड ऑफ केलेल्या आकड्यामागचा खरा आकडा कसा शोधायचा?

८ डिसेंबर २०२० रोजी नेपाळ आणि चीनने एव्हरेस्टची नवी उंची एकत्र जाहीर केली: ८,८४८.८६ मीटर. नेपाळ त्याआधी ८,८४८ मीटर ही उंची मानत होता. त्यामुळे 'एव्हरेस्ट ८६ सेंटीमीटरने उंच' अशा बातम्या जगभर झळकल्या.

वजाबाकी बरोबर आहे. ८,८४८.८६ मधून ८,८४८ गेले की ०.८६ उरतात. पण यातला एक आकडा सेंटीमीटरपर्यंत दिलेला आहे आणि दुसरा पूर्ण मीटरपर्यंत राउंड ऑफ केलेला आहे. मग त्यांच्यातला फरक सेंटीमीटरमध्ये सांगता येतो का?

हे तपासण्यासाठी राउंड ऑफ केलेल्या प्रत्येक आकड्यामागे मूळ आकडा कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती असू शकतो, ते काढावं लागेल.

सीमा कशा काढायच्या?

पहिला प्रश्न: आकडा कोणत्या स्थानापर्यंत राउंड ऑफ केला आहे? ८,८४८ हा आकडा एक मीटरपर्यंत दिलेला आहे. या एककाचं अर्ध म्हणजे ०.५ मीटर. ते दिलेल्या आकड्यातून वजा केलं की खालची सीमा मिळते आणि त्यात मिळवलं की वरची.

म्हणजे मूळ उंची ८,८४७.५ मीटर किंवा त्याहून जास्त, पण ८,८४८.५ मीटरपेक्षा कमी असणार.

'पेक्षा कमी' हे शब्द महत्त्वाचे आहेत. शाळेत शिकवलेल्या नियमानुसार पुढचा अंक ५ असेल तर आपण वर जातो. त्यामुळे ८,८४७.५ चे ८,८४८ होतात, पण ८,८४८.५ चे ८,८४९ होतात. खालची सीमा स्वतः या पट्ट्यात बसते, वरची बसत नाही.

८,८४८.८६ हा आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत आहे. इथे एकक ०.०१ मीटर आणि त्याचं अर्ध ०.००५ मीटर. म्हणून मूळ आकडा ८,८४८.८५५ पासून ८,८४८.८६५ च्या आतपर्यंत कुठेही असू शकतो. पहिला पट्टा एक मीटर रुंद होता, हा फक्त एक सेंटीमीटर रुंद आहे.

आता फरक काढूया

इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. सर्वांत लहान फरक हवा म्हणून दोन्ही लहान आकडे घेतले जातात आणि मोठ्या फरकासाठी दोन्ही मोठे. वजाबाकीत हे चालत नाही. फरक लहान व्हायचा असेल तर नवी उंची लहानात लहान आणि जुनी मोठ्यात मोठी घ्यावी लागते. मोठ्या फरकासाठी याच्या उलट.

सर्वांत लहान फरक: ८,८४८.८५५ − ८,८४८.५ = ०.३५५ मीटर
सर्वांत मोठा फरक: ८,८४८.८६५ − ८,८४७.५ = १.३६५ मीटर

म्हणजे फक्त ८,८४८ आणि ८,८४८.८६ हे दोन आकडे हाताशी असतील, तर फरक साधारण ३६ सेंटीमीटरपासून १३६ सेंटीमीटरपर्यंत कितीही असू शकतो. ८६ हा या पट्ट्याचा मध्य आहे, इतकंच.

जुना आकडा फुटांत होता

हा पट्टा आणखी लहान करता येतो, कारण ८,८४८ च्या मागचा आकडा उपलब्ध आहे. १९५५ मध्ये सर्व्हे ऑफ इंडियाने एव्हरेस्टची उंची २९,०२८ फूट काढली होती.

हा आकडा एक फुटापर्यंत राउंड ऑफ केलेला मानला, तर मूळ आकडा २९,०२७.५ ते २९,०२८.५ फुटांच्या मध्ये येतो. एक फूट म्हणजे ०.३०४८ मीटर. या हिशेबाने सीमा होतात सुमारे ८,८४७.५८ मीटर आणि ८,८४७.८९ मीटर. यातला कोणताही आकडा पूर्ण मीटरपर्यंत राउंड ऑफ केला तर ८,८४८ च येतात.

आता पुन्हा वजाबाकी केली, तर जुन्या-नव्या आकड्यांतला फरक सुमारे ९७ सेंटीमीटर ते १२८ सेंटीमीटर निघतो. बातम्यांमधले ८६ सेंटीमीटर या पट्ट्यात बसतच नाहीत!

शून्यं आली की काय करायचं?

दशांश स्थळं डोळ्यांना दिसतात. सार्थक अंकांच्या बाबतीत मात्र फसगत होऊ शकते, आणि त्याचाही किस्सा एव्हरेस्टचाच आहे.

१८५६ मध्ये सर्व्हेअर जनरल अँड्र्यू वॉ यांनी या शिखराची उंची २९,००२ फूट असल्याचं जाहीर केलं. असं सांगितलं जातं की हिशेबातून नेमके २९,००० फूट आले होते, पण लोकांना तो ढोबळ अंदाज वाटेल म्हणून त्यात दोन फूट वाढवले गेले.

किस्सा कितपत खरा, हे बाजूला ठेवलं तरी त्यातली अडचण खरी आहे. २९,००० हा आकडा दोन सार्थक अंकांपर्यंत असेल, तर शेवटचा सार्थक अंक ९ आहे आणि तो हजाराच्या स्थानी आहे. हजाराचं अर्ध ५००, म्हणून सीमा २८,५०० आणि २९,५०० फूट. तोच आकडा पाच सार्थक अंकांपर्यंत असेल, तर तिन्ही शून्यंही मोजलेली आहेत. मग एकक एक फूट आणि सीमा २८,९९९.५ आणि २९,०००.५ फूट.

लिहिलेला आकडा एकच, पण एक पट्टा हजार फुटांचा आणि दुसरा एका फुटाचा. म्हणून शेवटी शून्यं असलेल्या पूर्ण संख्येच्या सीमा काढण्याआधी ती किती सार्थक अंकांपर्यंत आहे, हे माहीत असावं लागतं. दशांश चिन्हानंतरच्या शेवटच्या शून्याचं तसं नसतं. ८.५० मीटर असं लिहिलं असेल, तर ते शून्य मोजलेलं आहे असंच धरायचं.

या सीमा काय सांगत नाहीत?

२००५ मध्ये चीनने एव्हरेस्टच्या खडकाची, म्हणजे वरचा बर्फ सोडून, उंची ८,८४४.४३ मीटर जाहीर केली. राउंडिंगच्या हिशेबाने इथे फक्त अर्ध्या सेंटीमीटरची शंका उरते. पण त्याच मोजणीत अधिक-उणे ०.२१ मीटर, म्हणजे २१ सेंटीमीटर इतकी अनिश्चितता नोंदवली होती.

दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. आपण काढलेल्या सीमा 'राउंड ऑफ करण्याआधी हिशेबात कोणता आकडा असू शकतो' एवढंच सांगतात. उपकरणं आणि पद्धत किती अचूक होती, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी आकड्यासोबत दिलेलं 'अधिक-उणे' पाहावं लागतं. ते राउंडिंगच्या अर्ध्या एककापेक्षा बरंच मोठं असेल, तर शेवटच्या अंकांवर फार भिस्त ठेवता येत नाही.