दुखण्यातून उठल्यावर कामावर : एकेक पायरी

दीर्घ आजारातून माणूस उठला, की घरचे म्हणतात, "आता बरं वाटतंय ना? मग रुजू व्हा." डॉक्टरही तंदुरुस्तीचा दाखला देतात. पण दुखणे गेले आणि ताकद आली, या दोन गोष्टी एकाच दिवशी घडत नाहीत. अंथरुणावर महिना-दोन महिने पडून राहिले, की पायांचे स्नायू झडतात, उभे राहिले की दम लागतो. अशा वेळी पहिले काही दिवस कमी तास काम मागावे. ते कसे मागावे, हे आज पाहू.

माझ्या परिचयाचे एक हायस्कुलातले गणिताचे शिक्षक. त्यांना फुप्फुसाचा क्षय झाला आणि ते तीन महिने रजेवर होते. रजा संपली त्या सोमवारी ते रुजू झाले आणि पहिल्याच दिवशी पाच तास उभ्याने शिकवले. तिसऱ्या दिवशी आवाज बसला, दहाव्या दिवशी पुन्हा अंथरूण धरले. रोग उलटला नव्हता, शक्ती संपली होती. आधी त्यांनी मुख्याध्यापकांना एवढेच सांगितले होते, "साहेब, जरा सांभाळून घ्या." आता 'जरा' म्हणजे किती? मुख्याध्यापकांनी तरी वेळापत्रक कशावर बसवायचे?

दुसऱ्या खेपेस त्यांनी लेखी अर्ज केला. त्याआधी ते डॉक्टरांकडे गेले. 'कामास योग्य' एवढ्यावर न थांबता आणखी दोन ओळी लिहून मागितल्या. एक, यांच्यापासून आता इतरांना संसर्गाचा धोका नाही. दुसरी, महिनाभर सलग दोन तासांहून अधिक उभ्याने शिकवू नये. पहिल्या ओळीने सहकाऱ्यांची व पालकांची धास्ती गेली, दुसरीने मुख्याध्यापकांच्या हाती आधार आला. इंग्लंडात 2010 पासून डॉक्टरांच्या दाखल्याच्या नमुन्यातच हळूहळू कामावर परतण्याची सूचना करण्याची सोय आहे. आपल्याकडे ती ओळ आपणच मागून घ्यायची.

मग रजेचा हिशेब. इथे पुष्कळांची गफलत होते. अर्धपगारी रजा म्हणजे अर्ध्या दिवसाची रजा नव्हे. त्या रजेत माणूस पूर्ण दिवस घरी असतो, पगार अर्धा मिळतो. अर्ध्या दिवसाची मिळते ती किरकोळ रजा. पण ती वैद्यकीय रजेला जोडून सहसा मंजूर होत नाही. म्हणून गुरुजींनी रुजू होण्यासाठी शनिवार निवडला. शनिवारी शाळा सकाळची, तास थोडे आणि दुसऱ्या दिवशी रविवारची विश्रांती. वैद्यकीय रजा तिथे संपली, सोमवारपासून किरकोळ रजा सुरू करण्यास हरकत उरली नाही.

अर्जातली योजना अशी होती. पहिले दोन आठवडे सोमवार ते शुक्रवार मधल्या सुट्टीपर्यंतच काम, रोज दोन तास. म्हणजे दहा अर्धे दिवस, खर्ची पडली पाच दिवसांची किरकोळ रजा. तिसऱ्या व चौथ्या आठवड्यात शाळेत पूर्ण वेळ हजेरी, पण शिकवणे तीनच तास. उरलेल्या वेळात बसून करण्याची कामे : वह्या तपासणे, ग्रंथालयाची नोंदवही. यासाठी रजा लागत नाही, मुख्याध्यापकांनी वेळापत्रक फिरवले की झाले. पाचव्या आठवड्यापासून नेहमीचे काम. सुटलेले तास कोण घेणार, हेही अर्जात होते. दोन सहकाऱ्यांशी ते आधीच बोलले होते. आणि शेवटी एक ओळ : दर शनिवारी आपण भेटून पुढची पायरी ठरवू.

ही शनिवारची ओळ फार कामाची ठरली. थकवा त्याच संध्याकाळी कळतो असे नाही, पुष्कळदा दुसऱ्या दिवशी कळतो. ओळखायची खूण सोपी आहे. रात्रीच्या झोपेने शीण गेला, तर पायरी झेपते आहे. सकाळी उठतानाच अंग जड वाटले आणि असे ओळीने दोन-तीन दिवस झाले, तर त्याच पायरीवर आठवडाभर थांबावे. ताप, खोकला किंवा वजनात घट दिसली, तर मात्र तो शीण समजू नये, सरळ डॉक्टरांकडे जावे. क्षयाची औषधे तर कामावर गेल्यावरही, ठरलेली मुदत पुरी होईपर्यंत, एक दिवसही चुकवू नयेत. गुरुजी दुसऱ्या पायरीवर एक आठवडा जास्त थांबले आणि सहाव्या आठवड्यात पुरे काम करू लागले.

या योजनेला मर्यादाही आहेत. किरकोळ रजा शिल्लक नसेल, तर अर्धा दिवस मिळणे कठीण. मग तासांची अदलाबदल एवढाच मार्ग उरतो. जर्मनीत अशी चढती योजना डॉक्टर लिहून देतात, आणि ती चालू असेतो कामगार आजारीच धरला जाऊन त्याला आजारपणाचा भत्ता मिळतो. आपल्या शाळांत तशी व्यवस्था नाही, मुख्याध्यापकांची संमती हवी. ती मिळवायची, तर अर्जात तारखा, तास, बदली माणूस आणि योजनेचा शेवट या चार गोष्टी स्पष्ट असाव्यात. शेवट दिसला, की होकार देणाऱ्यालाही जड जात नाही.