चाळीस टक्के बरोबर, तरीही नफा?

१९८३ साली शिकागोतला कमोडिटी व्यापारी रिचर्ड डेनिस आणि त्याचा जुना मित्र व भागीदार विल्यम एकहार्ट यांच्यात एक वाद रंगला. चांगला ट्रेडर घडवता येतो, असं डेनिसचं म्हणणं होतं; एकहार्टला ते मुळीच पटत नव्हतं. निकाल लावायला डेनिसने वर्तमानपत्रात जाहिरात देऊन माणसं निवडली, त्यांना दोन आठवडे आपले नियम शिकवले आणि स्वतःचे पैसे देऊन बाजारात सोडलं. ही मंडळी पुढे ‘टर्टल्स’ म्हणून प्रसिद्ध झाली.

त्यांच्या दोन पद्धतींपैकी एकीचा गाभा दोन-तीन ओळींत मावतो. गेल्या वीस दिवसांतला सर्वांत वरचा भाव मोडून बाजार वर गेला की खरेदी करायची. खरेदीनंतर भाव दहा दिवसांच्या नीचांकाखाली आला की बाहेर पडायचं. त्याआधीच भाव रोजच्या सरासरी हालचालीच्या दुप्पट खाली घसरला, तर तोटा घेऊन मोकळं व्हायचं. विक्रीचे नियम याच्या बरोबर उलट.

अशा पद्धतीत बहुतेक सौदे तोट्यात जातात, कारण भाव उच्चांक मोडतो आणि दोन दिवसांत पुन्हा खाली येतो, असं सारखं घडत असतं. तरीही अनेक टर्टल्सनी भरपूर पैसा मिळवला. हे कसं जमलं, ते ‘एक्स्पेक्टन्सी’ या एका आकड्यातून कळतं. नियमाने घेतलेल्या प्रत्येक सौद्यामागे सरासरी किती रुपये पडतात, याचा हा हिशोब.

त्याचं सूत्र शाळेतल्या गणिताइतकंच सोपं आहे. जिंकण्याचं प्रमाण गुणिले सरासरी नफा, त्यातून वजा हरण्याचं प्रमाण गुणिले सरासरी तोटा.

समजा, एका ट्रेडरने टर्टल्ससारखाच नियम लावून साठ सौदे केले आणि सगळे वहीत लिहून ठेवले. ही वही काल्पनिक आहे, पण अशा पद्धतीची वही साधारण अशीच दिसते. साठांपैकी २४ सौदे नफ्यात गेले, ३६ तोट्यात. नफ्याच्या सौद्यांत सरासरी ९,००० रुपये मिळाले, तोट्याच्या सौद्यांत सरासरी ३,५०० गेले. जिंकण्याचं प्रमाण ४० टक्के, म्हणून ९,०००चे ४० टक्के, म्हणजे ३,६०० रुपये. हरण्याचं प्रमाण ६० टक्के, म्हणून ३,५००चे ६० टक्के, म्हणजे २,१०० रुपये. वजाबाकी करून उरले १,५००. दर सौद्यामागे सरासरी दीड हजार रुपये.

एखादा चौकस वाचक म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? एकूण नफ्यातून एकूण तोटा वजा करून साठाने भागलं, तरी तेच उत्तर येईल. अगदी खरं आहे. नफा २,१६,०००, तोटा १,२६,०००, उरले ९०,०००. भागिले ६०, आले १,५००. पण दोन तुकडे वेगळे ठेवले की पैसा कुठून येतो आणि धोका कुठे दडला आहे, ते दिसतं. इथे सरासरी नफा सरासरी तोट्याच्या सुमारे २.५७ पट आहे. या पटीवरून निदान किती वेळा जिंकावंच लागेल, हेही काढता येतं: एकाला, एक अधिक ही पट, एवढ्याने भागायचं. १ भागिले ३.५७, म्हणजे २८ टक्के. या ट्रेडरचं प्रमाण ४० टक्के आहे, म्हणजे हाताशी बारा टक्क्यांची मोकळीक आहे.

हाच हिशोब उलट्या टोकालाही लावता येतो. निफ्टीचे ऑप्शन विकून प्रीमियम खाणाऱ्यांचे बहुतेक आठवडे नफ्यात जातात. शंभरातले नव्वद सौदे जिंकणारा विक्रेता घेऊ. दर वेळी त्याला २,००० रुपये मिळतात, आणि उरलेल्या दहा सौद्यांत सरासरी २४,००० जातात. नव्वद टक्क्यांचे १,८००, दहा टक्क्यांचे २,४००. प्रत्येक सौद्यामागे ६०० रुपयांचा तोटा. नव्वद टक्के जिंकणाऱ्याचा सरासरी तोटा सरासरी नफ्याच्या नऊ पटींत राहिला, तरच तो तरतो. ४ जून २०२४ला, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, निफ्टी जवळपास सहा टक्क्यांनी कोसळून बंद झाला. ज्याच्या वहीत असा एकही दिवस नाही, त्याचा सरासरी तोटा कागदावर नेहमीच छोटा दिसतो आणि एक्स्पेक्टन्सी फुगलेली.

आता पहिल्या वहीकडे वळू, कारण तिथले दीड हजार अजून खिशात पडलेले नाहीत. ब्रोकरेज, एसटीटी, एक्स्चेंजचं शुल्क, जीएसटी, स्टॅम्प ड्यूटी हे सगळं त्यातूनच जातं. शिवाय उच्चांक मोडताना सगळेच खरेदीला धावतात, त्यामुळे नियमात लिहिलेल्या भावाला सौदा क्वचितच मिळतो. दोन-चार रुपये वर द्यावे लागतात. हा सगळा खर्च दर सौद्याला ४०० रुपये धरला, तर सरासरी नफा ८,६००वर येतो आणि सरासरी तोटा ३,९००वर जातो. पुन्हा गुणाकार केला की एक्स्पेक्टन्सी उरते १,१०० रुपये. चौथ्या भागाहून जास्त रक्कम खर्चातच गेली. सेबीने सप्टेंबर २०२४मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात फ्युचर्स-ऑप्शन करणाऱ्या किरकोळ ट्रेडरचा २०२३-२४ या वर्षातला व्यवहारखर्च सरासरी २६,००० रुपये निघाला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत त्यांच्यातल्या ९३ टक्के लोकांना तोटा झाला, असंही त्याच अभ्यासात दिसलं.

इथवर गणित सरळ आहे. खरी परीक्षा पुढे आहे, आणि त्यासाठी नफ्याचे २४ सौदे एकाखाली एक मांडून पाहावे लागतात. सरासरी ९,००० असली, तरी प्रत्यक्षात बहुतेक नफे पाच-सात हजारांचे आहेत आणि एकच सौदा ७२,००० रुपयांचा आहे. भाव लागला आणि तीन महिने चढतच राहिला. तो एक सौदा वहीतून काढला, तर उरलेल्या २३ सौद्यांचा नफा १,४४,०००, तोटा तोच १,२६,०००. शिल्लक १८,०००. त्यातून ५९ सौद्यांचा खर्च, २३,६०० रुपये, वजा केला की वही ५,६०० रुपयांच्या तोट्यात जाते. साठ सौद्यांची मेहनत एका सौद्यावर तरली होती.

यावरून पद्धत वाईट ठरत नाही. मोठ्या चालीमागे लागणारी प्रत्येक पद्धत अशा मोजक्या सौद्यांवरच जगते. डेनिस आपल्या शिष्यांना एकही सिग्नल सोडू देत नसे, त्यामागचं एक कारण हेच होतं. नेमका सोडलेला सिग्नल मोठा निघाला, तर वर्षाची कमाई गेली. आणि माणूस सिग्नल सोडतो तोही ठरावीक वेळीच. ६० टक्के हरणाऱ्या पद्धतीत साठ सौद्यांमध्ये कुठे तरी सलग सहा तोटे येण्याची शक्यता साधारण तीनात दोन इतकी आहे. सहा वेळा स्टॉपलॉस लागल्यावर सातव्या सिग्नलला ‘हा राहू दे, पुढचा बघू’ म्हणणारे पुष्कळ असतात. त्या क्षणी वहीतली एक्स्पेक्टन्सी त्यांची राहत नाही, कारण ती सगळे सौदे घेणाऱ्याची होती.

तोट्याच्या बाजूचंही तसंच. सरासरी तोटा ३,५०० राहिला, तो स्टॉपलॉस दर वेळी पाळला म्हणून. त्याची मोड कळायला एक सोपी खूण आहे. सौदा घेतानाच किती रुपयांचा धोका पत्करला, ते वहीत वेगळ्या रकान्यात लिहायचं आणि प्रत्येक निकालाला त्याने भागायचं. ३,५००चा धोका घेऊन ३,५०० गेले, तर निकाल उणे एक. ९,००० आले तर अधिक अडीचच्या थोडा वर. या रकान्यात उणे दीड, उणे दोन असे आकडे दिसू लागले की समजावं, एक तर बाजार रात्रीत स्टॉपलॉसच्या पलीकडे उघडतो आहे, नाही तर ट्रेडर आशेवर तो खाली सरकवतो आहे. पहिल्यावर उपाय म्हणजे सौद्याचा आकार कमी करणं. दुसरं होत असेल, तर ती पद्धत नियमाची राहिलेली नाही आणि तिची एक्स्पेक्टन्सी काढण्यात अर्थ नाही.

आता प्रश्न उरतो की १,१०० या आकड्यावर किती विसंबावं. संख्याशास्त्रात त्याचं ढोबळ माप आहे. या वहीतले निकाल सरासरीपासून इकडे-तिकडे सुमारे १०,४०० रुपयांनी विखुरलेले आहेत. त्याला साठाच्या वर्गमुळाने, म्हणजे ७.७५ने, भागलं की साधारण १,३४० येतात. ही सरासरीतली चूक. एक्स्पेक्टन्सी १,१०० आणि तिच्यातच चूक १,३४०! खरी एक्स्पेक्टन्सी शून्य असूनही निव्वळ नशिबाने ही वही अशी दिसू शकते. चूक एक्स्पेक्टन्सीच्या निम्मी व्हायची, तर हाच विखार धरून साडेतीनशेहून थोडे जास्त सौदे लागतात.

साठ सौद्यांना दोन वर्षं लागत असतील, तर साडेतीनशेंना बारा लागतील. म्हणून हाच नियम जुन्या भावांवर चालवून पाहतात, किंवा एकाच वेळी अनेक बाजारांत लावतात. टर्टल्स साखर, कॉफी, कापूस, सोनं, चलनं आणि सरकारी रोखे अशा एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या वस्तूंत एकाच नियमाने सौदे करत. जुन्या भावांवर चाचणी घेताना वीस दिवस, एकवीस दिवस, पंचवीस दिवस असं बदलत जाऊन सर्वांत चांगला आकडा उचलला, तर मात्र ती एक्स्पेक्टन्सी पुढे टिकत नाही. ती त्या जुन्या भावांवरच बेतलेली असते. त्यासाठी अर्ध्या काळावर नियम ठरवून उरलेल्या अर्ध्यावर तो न बदलता तपासतात. अनेक शेअर घेतानाही मोजणी जपून करावी लागते. पाच बँकांचे शेअर एकाच सकाळी उच्चांक मोडतात आणि एकाच दुपारी खाली येतात. वहीत ते पाच सौदे दिसले, तरी पुराव्याच्या हिशोबात त्यांची किंमत एका सौद्याहून फार जास्त धरता येत नाही.