आठ आकडी चावी

‘रीलमध्ये कॉपीराइटचा भंग झाला आहे, लगेच अपील करा, नाहीतर खातं बंद.’ अशा धाटणीचा मेल आला की लाखभर फॉलोअर्स जमवलेल्या माणसाचं बोट आधी बटणावर जातं आणि मग डोकं चालायला लागतं. डिसेंबर 2023 मध्ये ट्रस्टवेव्ह या सायबर सुरक्षा कंपनीने असंच एक जाळं उघडकीला आणलं. बटण दाबलं की मेटाचं वाटावं असं पान यायचं. तिथे युजरनेम, मग पासवर्ड, तोही दोनदा. पुढचा प्रश्न साळसूद: टू-फॅक्टर चालू आहे का? ‘हो’ म्हटलं की आठ आकडी बॅकअप कोड मागायचे.

खरी गोम इथेच. फोन हरवला तरी खात्यात शिरता यावं म्हणून इन्स्टाग्राम हे कोड देतं. एसएमएसवरचा ओटीपी काही मिनिटांत शिळा होतो. बॅकअप कोड मात्र वापरेपर्यंत किंवा नवे काढेपर्यंत चालतो. चोराला घाई नसते.

‘ब्लू टिक मिळवून देतो’ म्हणणाऱ्याची गाडीही बहुधा पासवर्डवरच येते. टिक तर मेटा व्हेरिफाइडची वर्गणी भरून ॲपमध्येच मिळते, मध्यस्थ कशाला?

मेल खरा का, हे Accounts Center मध्ये Password and security खालच्या Recent emails मध्ये पाहता येतं. कोड देऊन बसलेल्याने नुसता पासवर्ड बदलून भागत नाही; कोडही नवे काढावे लागतात, तेव्हाच जुने बाद होतात.