परिच्छेदाला क्रमांक, वाक्याला ‘मी’

दिवाणी दाव्यात साक्षीदाराचा सरतपास आता बहुधा कागदावरच होतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 18, नियम 4 मधला बदल 2002 मध्ये लागू झाल्यापासून साक्षीदार आपले म्हणणे प्रतिज्ञापत्रावर दाखल करतो आणि पिंजऱ्यात उभा राहतो तो मुख्यतः उलटतपासासाठी. म्हणजे प्रतिज्ञापत्र हीच त्याची साक्ष. तोंडी साक्षीत जे सांगू दिले गेले नसते, त्याला इथेही जागा नाही.

आदेश 19, नियम 3 हेच सांगतो. प्रतिज्ञा करणाऱ्याने स्वतःच्या माहितीवरून शाबीत करता येतील एवढ्याच गोष्टी लिहायच्या. अंतरिम अर्जापुरती ‘माझी अशी समजूत आहे’ अशी विधाने चालू शकतात, पण त्या समजुतीचा आधार द्यावा लागतो. ऐकीव मजकूर किंवा युक्तिवाद विनाकारण घातला, तर न्यायालयाने वेगळा आदेश न दिल्यास त्या प्रतिज्ञापत्राचा खर्च दाखल करणाऱ्याच्याच माथी बसतो.

समजा, एकाने ओळखीच्या दुकानदाराला दीड लाख रुपये हातउसने दिले आणि ते परत आले नाहीत. त्याचा पहिला कच्चा मसुदा साधारण असा असतो: ‘प्रतिवादी लबाड असून त्याने सुरुवातीपासूनच फसवण्याच्या हेतूने वादीकडून रक्कम घेतली व ती बुडवली.’ यातले ‘लबाड’ हे मत आहे. हेतू दुसऱ्याच्या मनातला. तो साक्षीदाराला दिसत नाही, पुराव्यावरून न्यायालयाने ताडायचा असतो. ‘बुडवली’ हा निष्कर्ष. उरते ते एवढेच की रक्कम घेतली, आणि तिलाही ना तारीख, ना आकडा. शिवाय ‘वादीकडून’ हा शब्द वाद-अर्जातला मजकूर जसाच्या तसा उचलल्याची खूण आहे. शपथ घेणारा माणूस ‘मी’ म्हणतो.

तोच मजकूर साक्ष म्हणून असा उतरतो:

‘3. दि. 12 जानेवारी 2023 रोजी प्रतिवादी माझ्या घरी आला व त्याने सहा महिन्यांसाठी माझ्याकडे दीड लाख रुपये हातउसने मागितले.

4. त्याच दिवशी मी त्याला त्या रकमेचा माझ्या खात्याचा धनादेश दिला.

5. दि. 15 जुलै 2023 रोजी मी त्याच्या दुकानात जाऊन पैसे मागितले. “दिवाळीनंतर देतो,” असे तो मला म्हणाला.

6. आजतागायत मला रक्कम परत मिळालेली नाही.’

यात एकही विशेषण नाही, तरी पहिल्या मसुद्यापेक्षा हा दुकानदाराला जास्त जड जातो. लबाडीचा आरोप नुसता नाकारून भागते. परिच्छेद 5 नाकारायचा तर त्या दिवशी भेट झाली नाही, किंवा झाली पण तसे बोलणे झाले नाही, यांपैकी एक बाजू घ्यावी लागते. एका परिच्छेदात एकच घटना ठेवण्याचे कारण हेच. तीन घटना एकत्र कोंबल्या की प्रश्न नेमका कशावर आणि नकार कशाला, याचा पत्ता लागत नाही.

परिच्छेद 5 मधले बोलणे दुकानदाराचे असले, तरी ते साक्षीदाराने स्वतः ऐकलेले आहे. ‘प्रतिवादीने पैसे घेतल्याचे कबूल केले, असे माझ्या भावाने मला सांगितले’ हे मात्र ऐकीव. ते सांगायचे तर भावाने स्वतःचे प्रतिज्ञापत्र द्यावे. मसुदा तपासताना ‘सबब’, ‘वास्तविक पाहता’, ‘यावरून सिद्ध होते की’ असे शब्द दिसले, की तिथे साक्षीदार थांबला आणि वकील बोलू लागला असे खुशाल समजावे. तो मजकूर अंतिम युक्तिवादासाठी राखून ठेवायचा.

क्रमांकांचा खरा उपयोग शेवटच्या सत्यापनात होतो. ‘वरील सर्व मजकूर माझ्या माहिती व समजुतीप्रमाणे खरा आहे’ हे ठोकळेबाज वाक्य सर्रास वापरले जाते, पण कोणती गोष्ट स्वतः पाहिलेली आणि कोणती दुसऱ्याकडून कळलेली, हे त्यातून समजत नाही. त्याऐवजी ‘परिच्छेद 3 ते 6 माझ्या व्यक्तिगत माहितीप्रमाणे, परिच्छेद 7 मधील धनादेश वटल्याची तारीख माझ्या खातेउताऱ्यावरून’ असे लिहावे. मुंबई राज्य विरुद्ध पुरुषोत्तम जोग नाईक या 1952 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सत्यापन आदेश 19, नियम 3 च्या धर्तीवर असावे आणि जिथे व्यक्तिगत माहिती नाही तिथे ती कुठून मिळाली हे स्पष्ट लिहावे.

वाणिज्यिक दाव्यांसाठी 2015 च्या कायद्याने हे सारे नियमातच घातले: घटना तारीखवार, प्रत्येक परिच्छेद विषयाच्या एकाच भागापुरता, माहितीचा स्रोत नमूद. प्रतिज्ञापत्रात वाद-अर्जाचीच नक्कल किंवा कायद्याचे मुद्दे आढळले, तर ते पूर्ण किंवा अंशतः वगळण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते.