कॉफीविना कॉफी : जव आणि चिकोरी कुठवर पोहोचतात?

घोटामागचे शास्त्र : लेखांक ६

मागच्या लेखांकात कॉफीच्या बियांतून कॅफीन कसे काढतात ते पाहिले. कॅफीन गेले तरी कॉफीची चव फारशी हलत नाही, कारण कॉफीच्या कडवटपणात कॅफीनचा वाटा जेमतेम दहा ते पंधरा टक्के असतो. बाकीचा कडवटपणा भाजताना तयार होणाऱ्या इतर द्रव्यांचा. मग साहजिकच विचार येतो, की कडवटपणा आणि काळा रंग भाजण्यातूनच येत असतील, तर कॉफीचे बी कशाला हवे? दुसरे काहीतरी तसेच काळपट भाजून उकळले तर?

हा प्रयोग युरोपने अडीचशे वर्षांपूर्वीच केला. कॉफीवर जाणारा पैसा देशाबाहेर जातो म्हणून प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक कॉफीवर खवळला होता. 1781 मध्ये त्याने कॉफी भाजण्याचा हक्कच सरकारकडे घेतला आणि चोरून भाजणाऱ्यांचा वास काढत गल्लोगल्ली फिरायला माणसे नेमली. त्याच सुमारास तिथे चिकोरीचे मूळ भाजून दळण्याचे कारखाने उभे राहिले. पुढे नेपोलियनने 1806 मध्ये इंग्लंडच्या व्यापाराची नाकेबंदी केली, कॉफी दुर्मीळ झाली आणि चिकोरी घराघरांत पोहोचली. इटलीत भाजलेल्या जवाची ‘काफे दोर्झो’ आजही कॉफीच्या दुकानात मागता येते. आपल्याकडे कोकणात पावसाळ्यात जिकडेतिकडे उगवणाऱ्या टाकळ्याच्या बियाही भाजून कॉफीसारख्या वापरल्या जातात. या बियांत पोट साफ करणारी द्रव्ये असतात, म्हणून ते पेय बेताने घ्यावे.

या सगळ्यांत कॅफीन अजिबात नसते. पण ती कॉफीच्या किती जवळ जातात हे ठरते ते कच्च्या मालात काय आहे त्यावर. भाजण्याने नवीन द्रव्ये तयार होतात खरी, पण ती आतल्या जुन्या द्रव्यांतूनच.

जवाचा दाणा घ्या. त्याचा निम्म्याहून अधिक भाग पिष्ट म्हणजे स्टार्च असतो, दहाएक टक्के प्रथिने आणि फक्त दोन-तीन टक्के तेल. भाजताना पिष्टाचे तुकडे होतात, त्यातून सुटलेली साखर आणि प्रथिनांचे घटक एकमेकांशी जुळतात आणि तपकिरी रंग व भाजका वास तयार होतो. हीच मायार अभिक्रिया. भाकरीचा पापुद्रा खरपूस होतो तोही तिच्यामुळेच. म्हणून जवाच्या कॉफीला भाजक्या धान्याचा गोडसर वास येतो. तो कॉफीच्या वासाचा एक पदर आहे, पण एकच.

चिकोरीचे मूळ याहून वेगळे. चिकोरी म्हणजे युनानी औषधांतली कासनी. आपल्या देशात तिची लागवड उत्तर प्रदेशातल्या एटा परिसरात आणि गुजरातेत जामनगर भागात होते. तिच्या मुळात पिष्टाऐवजी इन्युलिन नावाचे द्रव्य साठवलेले असते. ते फ्रुक्टोज या फळसाखरेच्या साखळीचे बनलेले असते. मुळाचे काप वाळवून भाजले की ही साखळी तुटते, मोकळी झालेली साखर करपते आणि दाट, काळपट, कॅरॅमलसारखी चव येते. शिवाय मुळात जात्याच काही कडू द्रव्ये असतात. त्यामुळे रंग, कडवटपणा आणि दाटपणा या तिन्हींत चिकोरी जवापेक्षा कॉफीच्या अधिक जवळ सरकते. ती पाण्यातही फार उतरते. कॉफीच्या भुकटीचा साधारण चौथा हिस्सा पाण्यात विरघळतो, तर भाजलेल्या चिकोरीचा निम्म्याहून जास्त. म्हणूनच चिकोरी घातलेला डिकॉक्शन एवढा काळा दिसतो.

मग ही पेये कमी कुठे पडतात? दोन ठिकाणी: वासात आणि आंबटपणात.

भाजलेल्या कॉफीत आठशेहून अधिक वासाची द्रव्ये सापडली आहेत. त्यांतले एक गंधकयुक्त द्रव्य, फुरफुरिल थायॉल, इतके तीव्र आहे की त्याचा अगदी नगण्य अंश नाकाला ‘कॉफी’ म्हणून ओळखू येतो. कॉफीच्या बियात ते भरपूर तयार होते. त्यातच अरॅबिका कॉफीत साधारण पंधरा टक्के तेल असते आणि हे तेल वासाची द्रव्ये धरून ठेवते. जवात तेल जेमतेम, चिकोरीत त्याहूनही कमी. त्यामुळे त्यांचा वास भाजताना घरभर पसरतो आणि कपात थोडाच उरतो. आंबटपणाचेही तसेच. कच्च्या अरॅबिकात सहा ते आठ टक्के क्लोरोजेनिक आम्ले असतात, शिवाय लिंबात असते ते सायट्रिक आम्लही. चांगल्या काळ्या कॉफीचा पहिला घोट जिभेच्या कडेला जो चटका देतो तो यांचा. जवाच्या कॉफीत तो चटका नसतो. त्यामुळे ती मवाळ लागते, आणि रोज काळी कॉफी पिणाऱ्याला सपक.

हे अंतर किती आहे, याची मोठ्या प्रमाणावर परीक्षा 1977 मध्ये पूर्व जर्मनीत झाली. दोन वर्षांपूर्वी ब्राझीलमध्ये हिमतुषाराने कॉफीचे मळे जळाले होते आणि जगभर भाव भडकले होते. परकीय चलन वाचवायला सरकारने ‘काफे-मिक्स’ बाजारात आणली. तिच्यात 51 टक्के कॉफी आणि 49 टक्के चिकोरी, राय हे धान्य, बीट, वाटाण्याचे पीठ असे काहीबाही होते. लोक संतापले. चवीची तक्रार तर होतीच, पण उपाहारगृहांतली दाबाने कॉफी काढणारी यंत्रेही बंद पडू लागली. वाटाण्याच्या पिठातली प्रथिने उष्णतेने आणि दाबाने फुगत आणि गाळणी तुंबे.

गंमत म्हणजे हेच 51-49 चे प्रमाण भारतात कायद्याने मान्य आहे. ‘कॉफी-चिकोरी मिश्रण’ म्हणून विकायच्या पाकिटात कॉफी किमान 51 टक्के असावी, असा नियम आहे. आपल्याकडे मात्र त्यावरून कुणी संतापत नाही. उलट दाक्षिणात्य फिल्टर कॉफी पिणाऱ्या अनेकांना चिकोरीशिवायची कॉफी पातळ वाटते. माझ्या मते याची दोन कारणे आहेत. एक, आपल्या मिश्रणात फक्त चिकोरी असते, पिठे नसतात. दुसरे, आपण दूध घालतो आणि तेही भरपूर. दूध कॉफीचा आंबटपणा आणि नाजूक वास तसाही झाकून टाकते आणि मागे उरतो तो रंग, कडवटपणा आणि दाटपणा. नेमके तेच चिकोरीकडे असते. काळ्या कपात जे अंतर चटकन कळते ते दुधाच्या कपात निम्मे होते.

घरी जवाची कॉफी करून पाहायची असेल तर अख्खे, पॉलिश न केलेले जव, म्हणजे सातू घ्या. शंभर ग्रॅम पुरेत. जाड बुडाची लोखंडी कढई मध्यम आचेवर तापवा आणि दाणे सतत हलवत राहा. पहिल्या काही मिनिटांत ओलावा उडतो आणि गवतासारखा वास येतो. मग दाणे तडतडू लागतात आणि लाह्यांसारखा वास सुटतो. बहुतेक जण इथेच थांबतात, पण ही कॉफी नाही, हा जवाच्या जपानी थंड चहाचा टप्पा आहे. आच मंद करून आणखी दहा-बारा मिनिटे भाजा. दाणा गडद तपकिरी होईल आणि वासात किंचित कडवटपणा येईल. धूर दिसू लागला की लगेच ताटात काढून पसरा, कारण तापलेल्या कढईत भाजणे चालूच राहते. एक दाणा दाताखाली फोडून पाहा. आतही तपकिरी असेल तर जमले. बाहेर काळा आणि आत पांढरा दिसला तर आच मोठी होती. अशा दाण्यांची कॉफी एकाच वेळी जळकी आणि पिठूळ लागते.

दळताना भरड ठेवा. बारीक पूड केली तर उरलेले पिष्ट गरम पाण्यात फुगते, गाळणी तुंबते आणि कपात पेज येते. पूर्व जर्मनीतल्या यंत्रांचे दुखणे याच जातीचे होते. कपभर पाण्याला दोन चहाचे चमचे भरड घेऊन पाच मिनिटे उकळा आणि गाळा. चिकोरीची पूड मिळाली तर पाव चमचा बरोबर घाला. जवाचा भाजका वास आणि चिकोरीचा कडवटपणा मिळून हे पेय कॉफीच्या जितके जवळ जाता येते तितके जाते. चिकोरीची पूड हवेतला ओलावा ओढून दगडासारखी घट्ट होते, म्हणून डबा घट्ट झाकणाचा हवा.

आता सावधगिरीच्या तीन गोष्टी. जवात ग्लुटेन असते आणि भाजल्याने त्याचा धोका टळत नाही. सिलिअ‍ॅक विकार असणाऱ्यांनी जवाची कॉफी टाळावी, त्यांना नुसती चिकोरी चालेल. दुसरी, ‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हा समज. पिष्टमय आणि साखरयुक्त पदार्थ कडक भाजले की अ‍ॅक्रिलामाइड हे नकोसे द्रव्य तयार होते. युरोपीय संघाने 2017 मध्ये त्याच्या मार्गदर्शक पातळ्या ठरवल्या. भाजलेल्या कॉफीसाठी किलोमागे 400 मायक्रोग्रॅम, धान्याच्या पर्यायी कॉफीसाठी 500 आणि चिकोरीसाठी चक्क 4,000. कपात चिकोरी थोडी लागते, त्यामुळे घाबरून जायचे कारण नाही, पण दिवसभर कप रिचवत बसण्यासारखेही हे पेय नव्हे. तिसरी गोष्ट पाकिटाची. ‘चिकोरी’ हा शब्द दिसला म्हणजे कॅफीन नाही असे समजू नका. आपल्या दुकानांत बहुतेक पाकिटे मिश्रणाची असतात आणि त्यांत निम्मी किंवा जास्त कॉफीच असते. डॉक्टरांनी कॅफीन बंद केले असेल, तर घटकांच्या यादीत फक्त चिकोरी किंवा फक्त जव लिहिलेले पाकीट शोधा.

थोडक्यात निकाल असा : काळ्या कॉफीची चव हवी असेल तर जव-चिकोरीने समाधान होणार नाही, त्यासाठी मागच्या लेखांकातली कॅफीन काढलेली कॉफीच बरी, मात्र तिच्यात कॅफीनचा थोडा अंश उरतो हे लक्षात ठेवावे. दूध-साखरेची कॉफी पिणाऱ्याला चिकोरी बरीच जवळ नेते. आणि रात्री जेवणानंतर काहीतरी गरम, भाजक्या वासाचे हवे असेल तर जवाची कॉफी स्वतंत्र पेय म्हणून प्यावी, कॉफीशी तुलना न करता.

पुढच्या लेखांकात : फिल्टरमधला डिकॉक्शन काही घरांत दाट आणि काही घरांत पाणचट का उतरतो?