नाना खोटं बोलतात, पण कुणाशी?

नानांनी धाकट्या बहिणीची, शांताची, जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही घेतली आहे. तिला कागद वाचू दिलेला नाही. ही काल्पनिक गोष्ट नानांच्याच नजरेतून सांगायची, तर ती ‘मी’ म्हणून लिहावी की ‘नाना’ म्हणून?

आधी ‘मी’ लिहून पाहू. ‘शांतानं राजीखुशीनं सही केली. मी एका शब्दानं भरीला घातलं नाही. आता ती चष्मा घरी विसरली, त्याला मी काय करणार?’ चष्म्याचं कुणी विचारलंच नव्हतं. नानांनी आपणहून विषय काढला आणि तिथेच ते सापडले. ‘मी’ नेहमी कुणाला तरी सांगत असतो, म्हणून तो धडधडीत खोटंही बोलू शकतो. मात्र नाना हे भाच्याला सांगताहेत की वकिलाला, हे लेखकानं आधी ठरवायला हवं. ऐकणारा बदलला की लपवण्याची गोष्टही बदलते.

आता तृतीयपुरुष, पण नानांच्या मनाला चिकटून. ‘नानांनी कागद पुढे सरकवला. शांता चष्म्यासाठी पिशवी चाचपू लागली. किती वेळ लावते ही! सही कुठं करायची ते दाखवलं होतं की.’ पहिली दोन वाक्यं घडलेल्या गोष्टीची, पुढची दोन नानांच्या मनातली. मध्ये ‘त्यांना वाटलं’ नाही. इथे ‘शांतानं कागद वाचून सही केली’ असं लिहिता येत नाही. ते खोटं नानांचं न राहता लेखकाचं होतं आणि वाचक फसवला जातो. घटना खरी, तिचा अर्थ तेवढा चुकीचा, एवढीच इथे मोकळीक असते.

जेन ऑस्टिननं १८१५ सालच्या ‘एमा’त हेच केलं. एमानं काढलेलं हॅरिएटचं चित्र एल्टन कौतुकानं चौकट करायला लंडनला नेतो. त्याचा जीव हॅरिएटवर आहे, अशी एमाची खात्री. त्याला हवी असते एमा. चित्र नेल्याची घटना खरीच असते. एमा कुणाशी खोटं बोलत नाही, तिची स्वतःचीच फसगत होते.

मराठीत आणखी एक पेच आहे. तृतीयपुरुषात ‘नाना म्हणाले’ की ‘नाना म्हणाला’, हे पहिल्याच वाक्यात ठरवावं लागतं. ‘म्हणाले’मध्ये त्यांना घरात मिळणारा मान येतो, आणि त्या मानाच्या आड त्यांची लबाडी बराच वेळ झाकली जाते. ‘म्हणाला’ लिहिलं की लेखक आधीच निकाल देतोय असं वाटू शकतं. ‘आपण चुकतोय हे नानांना कळत नव्हतं’ असं एखादं वाक्यही तेच करतं. ते दिसलं की खोडावं.

आपल्या नानांना चष्म्याचं सगळं ठाऊक आहे. ते स्वतःशी नाही, दुसऱ्याशी खोटं बोलताहेत. म्हणून ही गोष्ट मी ‘मी’मध्ये लिहीन, आणि समोर शांताचा मुलगा बसवीन.